एक्स्चेंज कार्ड घेतं, पण बँक नाकारते: क्रिप्टोचा व्यवहार नेमका कुठं अडतो आणि मग काय करायचं

श्रावणातल्या एका संध्याकाळी भाचा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात आला तो मोबाईल पुढं धरूनच. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, आणि दिवसभराच्या कामाचं तेल अजून त्याच्या हाताला होतं.

"मामा, चार वेळा केलं. साइटवर व्हिसा, मास्टरकार्ड दोन्हीची चिन्हं आहेत, कार्ड चालतं म्हणून स्वच्छ लिहिलंय. बँकच नको म्हणतीय. आणि आता तर तावडे हॉटेलजवळच्या पंपावर पेट्रोलला पण कार्ड चालंना."

मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात काढली, आता कर सल्लागाराचं काम करतो. त्यामुळं असा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडं येतातच. एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घ्यायची-विकायची साइट, कार्ड घेतंय तर बँक का अडवते, हे बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग ते पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात, आणि साधा नकार मोठ्या अडचणीत बदलतो. भाच्याचे चारही प्रयत्न आम्ही त्या संध्याकाळी एसएमएस आणि वेळा लावून तपासले. ते एकाच कारणानं फसले नव्हते, म्हणून तोच हिशेब इथं सविस्तर मांडतो.

"कार्ड चालतं" याचा अर्थ काय

एखादं एक्स्चेंज कार्ड स्वीकारतं म्हणजे त्यानं आपल्या बाजूचं दार उघडं ठेवलेलं असतं, एवढंच. तुमच्या खात्यातून पैसे सोडायचे की नाही, हा निर्णय ज्या बँकेनं कार्ड दिलं तिचा असतो, आणि त्यात एक्स्चेंजचं काहीही चालत नाही.

भाच्यानं पंधरा हजारांचं बटण दाबलं तेव्हा काय झालं ते पाहा. परदेशी एक्स्चेंज कार्डाचे पैसे बहुधा स्वतः घेत नाही. मूनपे किंवा सिम्प्लेक्ससारखी एखादी मधली कंपनी ते काम करते. त्या कंपनीनं मागणी आपल्या बँकेकडं पाठवली, त्या बँकेनं कार्डाच्या नेटवर्ककडं, आणि नेटवर्कनं भाच्याच्या बँकेकडं. हा सगळा प्रवास दोन-तीन सेकंदांचा. त्या मागणीबरोबर रक्कम, चलन, देश आणि विक्रेत्याचं नाव जातं, आणि एक चार आकडी कोड जातो. या कोडाला एमसीसी म्हणतात. विक्रेता कुठल्या धंद्यातला आहे ते त्यावरून कळतं. किराणा दुकानाचा कोड वेगळा, पेट्रोल पंपाचा वेगळा. क्रिप्टोसाठी तो सहसा ६०५१ असतो. हा कोड 'रोख रकमेसारख्या वस्तू' विकणाऱ्या, पण बँक नसलेल्या विक्रेत्यांचा आहे. परकी चलन, मनीऑर्डर वगैरेही त्यातच येतात.

अनेक बँकांनी आपल्या यंत्रणेत नियमच घालून ठेवलेला असतो की ६०५१ दिसला की नकार द्यायचा. तिथं कुणी माणूस बसून भाच्याचं नाव वाचत नाही. म्हणूनच शाखेत जाऊन मॅनेजरसाहेबांना गळ घातली तरी उपयोग होत नाही, कारण त्यांच्या टेबलावर तो नियम बदलायचं बटणच नसतं.

हा कोड विक्रेत्याची बँक लावते, तुमची नव्हे. त्यामुळं एकाच कार्डानं एका साइटवर व्यवहार होतो आणि दुसरीवर होत नाही. लोकांना हा बँकेचा लहरीपणा वाटतो, पण दोन्हीकडं वेगळा कोड आलेला असतो.

नकार कुठं मिळाला ते ओळखा

पहिला नियम असा की नकार आल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न करू नका. आधी चार गोष्टी लिहून ठेवा: वेळ, रक्कम आणि चलन, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, आणि ओटीपी आला होता की नाही. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त सांगते.

भाच्याचा पहिला प्रयत्न संध्याकाळी साडेपाचचा. ओटीपीचं पान उघडलंच नाही आणि लगेच नकार आला. बँकेचा एसएमएस मात्र आला होता, कार्डावर परदेशी वापर बंद असल्याचा. हा सगळ्यांत साधा प्रकार. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढलं, तेव्हापासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकानं स्वतः ॲपमधून चालू करायचा आणि मर्यादाही स्वतः ठरवायची. एक्स्चेंज मराठीत दिसत असलं आणि भाव रुपयांत दाखवत असलं, तरी पैसे घेणारी कंपनी परदेशी असेल तर व्यवहार परदेशीच धरला जातो. आपल्याकडं सहकारी बँकांची रुपे कार्डं पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर परदेशी ऑनलाइन वापराची सोयच नसते, तेव्हा ॲपमध्ये ते बटण शोधत बसू नका, बँकेलाच विचारा.

भाच्यानं बटण चालू केलं आणि दहा मिनिटांनी दुसरा प्रयत्न केला. या वेळी ओटीपी आला, त्यानं बरोबर घातला, चक्र फिरलं, आणि पडद्यावर हे आलं:

```
Declined by issuing bank
```

याचा अर्थ नीट समजून घ्या. ओटीपी स्वीकारला गेला म्हणजे कार्ड तुमचंच आहे ही खात्री बँकेला पटली. त्यानंतर परवानगीची वेगळी पायरी असते, आणि तिथं बँकेनं 'नाही' म्हटलं. खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि मर्यादाही ओलांडलेली नाही, तरी ओटीपीनंतर नकार आला, तर तो बहुतेक वेळा विक्रेत्याच्या प्रकारामुळं किंवा फसवणुकीच्या संशयामुळं असतो. कार्डाच्या भाषेत अशा नकाराला बहुधा ०५ किंवा ५७ असा कोड मिळतो. ५७ म्हणजे या कार्डधारकाला असा व्यवहार करायची परवानगी नाही. ०५ म्हणजे नुसता नकार, कारण न सांगता. शिल्लक कमी असेल तर ५१ येतो. हे आकडे तुमच्या पडद्यावर सहसा दिसत नाहीत, पण ग्राहक सेवेतल्या माणसाला दिसतात.

तिसरा आणि चौथा प्रयत्न भाच्यानं घाईनं केला. आधी दहा हजार, मग पाच हजार, दोन्ही तीन मिनिटांत. रक्कम कमी केली की जाईल, असं त्याला वाटलं. बँकेच्या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेला मात्र यात वेगळंच दिसलं. नवा परदेशी विक्रेता, लागोपाठ नकार, आणि दर वेळी उतरती रक्कम. चोरलेलं कार्ड हातात आलेला माणूस नेमकं असंच करतो. किती रक्कम निघते ते तो चाचपून बघत असतो. यंत्रणेनं कार्ड तात्पुरतं थांबवलं, म्हणून पेट्रोल पंपावर ते चाललं नाही. क्रिप्टोशी पंपाचा काही संबंध नव्हता.

आणखी एक प्रकार भाच्याच्या बाबतीत घडला नाही, पण सांगून ठेवतो. साइटवर नकार येतो आणि बँकेकडून एसएमएस, ॲपमधली नोंद, ओटीपी, काहीच येत नाही. तेव्हा मागणी बहुधा बँकेपर्यंत पोचलेलीच नसते. मधल्या कंपनीनं भारतातलं कार्ड म्हणून किंवा नाव जुळत नाही म्हणून आधीच परत फिरवलेलं असतं. अशा वेळी बँकेला फोन करून हाती काही लागत नाही, विचारायचं ते एक्स्चेंजलाच.

बँकेला काय विचारायचं

"माझा व्यवहार का होत नाही?" असं विचारलं की "थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा" असं ठरीव उत्तर मिळतं. आणि तेच करायचं नसतं. त्याऐवजी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन लावा, तारीख, वेळ आणि रक्कम सांगा आणि विचारा: "हा नकार मर्यादेमुळं आहे, संशयामुळं आहे, की विक्रेत्याच्या कॅटेगरीमुळं? नकाराचा कोड काय दिसतो?"

ही तीन कारणं वेगळी काढणं महत्त्वाचं आहे, कारण तिघांचे उपाय वेगळे आहेत. मर्यादा असेल तर ॲपमध्ये वाढवता येते. संशय असेल तर तुमची खातरजमा करून कार्ड मोकळं करतात. भाच्याचं कार्ड तसंच दुसऱ्या दिवशी सुरू झालं. कॅटेगरी बंद असेल तर मात्र विषय तिथंच संपला. त्या कार्डानं क्रिप्टो मिळणार नाही, आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न तुमच्या कार्डाच्या इतिहासात एक नकार वाढवणार. भाच्याला फोनवर उत्तर मिळालं: "सर, ही कॅटेगरी बँकेनं बंद ठेवली आहे."

बँका का अडवतात

लोक मला पटकन सांगतात की रिझर्व्ह बँकेनं बंदी घातलीय. आज तसं नाही. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यापासून रोखलं होतं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. तरीही काही बँका ग्राहकांना त्याच जुन्या परिपत्रकाचा दाखला देत राहिल्या, म्हणून ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं स्वतः सांगितलं की तो दाखला आता देता येणार नाही. पण त्याच पत्रात पुढं म्हटलं की ग्राहकाची ओळख, काळ्या पैशाला आळा आणि परकी चलनाचे नियम यांखालची तपासणी बँकांनी चालू ठेवावी. म्हणजे बंदी गेली आणि जबाबदारी राहिली. एवढी जबाबदारी घेऊन हा धंदा करायचा की नाही, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. बऱ्याच बँकांनी कार्डापुरतं 'नको' ठरवलं.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस, बँक ऑफ अमेरिका आणि सिटीग्रुपनं, तर ब्रिटनमध्ये लॉईड्सनं क्रेडिट कार्डावर क्रिप्टोची खरेदी बंद केली. तिथं तर तशी सरकारी बंदी कधी नव्हतीच. मग कारण काय?

कार्ड विभागात बसल्यावर जे दिसतं ते असं. कार्डाचा व्यवहार मागं फिरवता येतो. ग्राहक तक्रार करतो, विक्रेत्याकडून पैसे परत मागवले जातात, आणि यासाठी कित्येक महिन्यांची मुदत असते. क्रिप्टो मात्र एकदा दुसऱ्या वॉलेटमध्ये गेलं की कुणीच मागं आणू शकत नाही. पैसे परत मागता येतात आणि माल परत येत नाही, हा मेळ चोरासाठी सोन्यासारखा आहे. चोरलेल्या कार्डानं फ्रीज घेतला तर तो कुठंतरी पोचवावा लागतो, विकावा लागतो. क्रिप्टो पाच मिनिटांत देशाबाहेर जातं.

मग नुकसान कुणाचं? ओटीपीनं खातरजमा झालेल्या व्यवहारात 'हे मी केलंच नाही' अशी तक्रार आली, तर नेटवर्कच्या नियमांनुसार तिचा भार सहसा विक्रेत्यावरून सरकून कार्ड देणाऱ्या बँकेवर येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नसते. म्हणजे एक्स्चेंजला त्याचं शुल्क मिळालं, मधल्या कंपनीला तिचं मिळालं, चोर क्रिप्टो घेऊन गेला, आणि खड्डा पडला बँकेच्या ताळेबंदात. एवढा धोका पत्करून बँकेला मिळतो तो व्यवहारावरचा किरकोळ वाटा. बँक नाही का म्हणते, ते या हिशेबात आहे.

क्रेडिट कार्डात आणखी एक भर पडते, ती उधारीची. भाव निम्म्यावर आला तरी कार्डाचं बिल पुरतं भरावं लागतं, आणि तारण तर काहीच नसतं.

परदेशी एक्स्चेंज असेल तर परकी चलनाचा प्रश्न येतो. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची योजना आहे, पण त्यात ठरलेली कारणं द्यावी लागतात. अनेक बँका त्या अर्जावरच लिहून घेतात की ही रक्कम क्रिप्टोसाठी नाही. त्यात मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणलं गेलं आणि एफआययू-इंडिया या सरकारी संस्थेकडं नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी न करता भारतात धंदा करणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. बायनान्स आणि कुकॉइन त्यात होते, आणि त्या दोघांनी नंतर नोंदणी केली. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडं पैसे जाऊ देणाऱ्या बँकेला उद्या विचारणा होऊ शकते.

कार्ड चाललं तरी

काही बँकांची क्रेडिट कार्डं अजूनही ६०५१ वर चालतात. चाललं म्हणजे जिंकलो असं लोकांना वाटतं. शाहूपुरीतल्या एका कापड व्यापाऱ्याचं स्टेटमेंट मी पाहिलं, त्यातले आकडे सांगतो.

त्यानं पंधरा हजार रुपयांची खरेदी केली. मधल्या कंपनीनं चार टक्के म्हणजे ६०० रुपये आधीच कापले, त्यामुळं हातात क्रिप्टो आलं १४,४०० चं. व्यवहार डॉलरमध्ये होता, म्हणून त्याच्या बँकेनं परकी चलनाचे साडेतीन टक्के, ५२५ रुपये, लावले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ९४.५०. पुढचं त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या बँकेनं ६०५१ हा रोख रक्कम काढल्यासारखा धरला. त्याचं शुल्क अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये, आणि जीएसटी ९०. रोख रकमेला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. व्याज पहिल्या दिवसापासून, महिना पावणेचार टक्क्यांनी. त्यानं २४ दिवसांनी बिल भरलं, व्याज सुमारे ४४४ रुपये आणि त्यावरचा जीएसटी ८०.

बँकेकडं गेलेले हे १,७३३ रुपये धरून त्याच्या खिशातून गेले १६,७३३, आणि हातात होतं १४,४०० चं क्रिप्टो. भाव सोळा टक्क्यांहून जास्त चढला तरच त्याची बरोबरी. त्यातही करात फक्त खरेदीची किंमत वजा होते, बँकेचं व्याज आणि शुल्क नाही. म्हणजे बरोबरीच्या भावाला विकलं तरी कागदावर त्याला नफा दिसणार आणि त्यावर ३० टक्के कर लागणार.

तुमच्या कार्डाचे दर वेगळे असतील. कार्डाच्या दरपत्रकात 'रोख रक्कम' या सदराखाली ते पाहा, आणि बँकेला लेखी विचारा की ६०५१ हा कोड त्यात धरता का.

मग पैसे कसे भरायचे

कायदेशीर आणि कमी खर्चाचा मार्ग म्हणजे कार्ड बाजूला ठेवून, भारतात नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर स्वतःच्या बँक खात्यातून रुपये पाठवणं. भाच्याकडून मी ते असं करून घेतलं.

आधी एक्स्चेंज एफआययू-इंडियाकडं नोंदलेलं आहे का ते त्या संस्थेच्या यादीवरून तपासलं. एक्स्चेंजच्या जाहिरातीवर विसंबून राहिलो नाही. नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हेही त्याला सांगितलं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवर दरोडा पडला, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि लोकांचे पैसे काढणं थांबलं.

मग केवायसी. पॅन, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच हवं. भाच्याच्या पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आणि बँकेत फक्त आद्याक्षर होतं, तेवढ्यानं दोन दिवस गेले. खातं जोडताना एक्स्चेंज त्यात एखादा रुपया टाकून नाव पडताळून पाहतं.

खातं कुठलं जोडायचं, हे नीट ठरवा. वर्कशॉपच्या कॅश क्रेडिट खात्याला किंवा जिथून कर्जाचा हप्ता जातो त्या खात्याला हात लावू नका. पुढं कधी चौकशी लागली आणि खातं गोठलं, तर कामगारांचे पगार अडकतील. भाच्यानं वेगळं बचत खातं वापरलं.

पैसे आयएमपीएस किंवा एनईएफटीनं एक्स्चेंजनं दाखवलेल्या खात्यावर पाठवायचे, त्यानं दिलेला संदर्भ क्रमांक टाकूनच. पहिल्यांदा त्यानं फक्त हजार रुपये पाठवले. ते एक्स्चेंजवर दिसल्यावर त्यातले निम्मे पुन्हा बँकेत काढून घेतले. पैसे जातात हे सगळेच तपासतात. परत येतात का, ते मोठी रक्कम टाकण्याआधी तपासावं.

हा मार्ग चालतो कारण इथं कार्ड नाही, एमसीसी नाही, परकी चलन नाही. खात्यातून खात्यात देशातल्या देशात पैसे जातात. तरीही एखादी बँक यालाही हरकत घेते. तेव्हा दुसऱ्या बँकेचं खातं वापरणं हाच उपाय. यूपीआयवर भिस्त ठेवू नका. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजनं भारतात यूपीआय सुरू केलं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं लगेच निवेदन काढलं की कुठलं क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरत असल्याचं आपल्याला माहीत नाही, आणि ती सोय काही दिवसांत गेली.

दोन वाटा मात्र टाळा. पहिली, टेलिग्रामवर कुणीतरी सांगतं की 'या लिंकवरून भरा, बँकेला कळत नाही'. तिथं विक्रेता स्वतःला गेमिंग किंवा सल्ला देणारी कंपनी म्हणवून खोटा कोड लावतो. पैसे बुडाले तर तुमच्या स्टेटमेंटवर क्रिप्टोचं नावच नसतं, आणि तक्रार करायला आधार उरत नाही. दुसरी, अनोळखी माणसाकडून थेट देवाणघेवाण, जिला पीटूपी म्हणतात. विशेषतः तुम्ही विकणारे असाल तर. समोरच्यानं पाठवलेले पैसे कुणाची तरी फसवणूक करून आणलेले असतील, तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. कोल्हापुरात बसून ते सोडवायला काय यातायात पडते, ती मी एका अशिलाबरोबर अनुभवली आहे.

पैसे कापले आणि क्रिप्टोही आलं नाही तर

भाच्याच्या गोष्टीत हेही घडलं. स्वतःचं कार्ड बंद पडल्यावर, माझ्याकडं यायच्या आधी, त्यानं दाजींचं क्रेडिट कार्ड वापरून पाहिलं होतं. ते दुसऱ्या बँकेचं. बँकेनं परवानगी दिली, दाजींना पंधरा हजारांचा एसएमएस आला, आणि एक्स्चेंजवर व्यवहार रद्द दिसला. कारण सोपं होतं. केवायसी भाच्याचं आणि कार्ड दाजींचं. मधली कंपनी दुसऱ्याचं कार्ड घेत नाही.

दाजी फोनवर वैतागले होते. "अरे, माझं पंधरा हजार गेलं कुठं?"

ते कुठं गेले नव्हते, अडकले होते. परवानगी मिळाली की बँक तेवढी रक्कम राखून ठेवते. विक्रेत्यानं ती नंतर मागितली तरच ती खरी खर्ची पडते. मागितलीच नाही तर काही दिवसांनी आपोआप मोकळी होते. स्टेटमेंटमध्ये नोंद 'प्रलंबित' आहे की 'झालेली', हे पाहिलं की कळतं.

देशातल्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूनं आहे. ऑनलाइन कार्ड व्यवहारात पैसे कापले आणि विक्रेत्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण हा नियम दोन्ही टोकं भारतात असतील तरच लागू आहे. परदेशी विक्रेत्याच्या व्यवहारात शंभर रुपये मागत बसू नका, ते मिळत नाहीत.

तिथं करायचं ते असं. एक्स्चेंजकडून ईमेलवर लेखी घ्या की हा व्यवहार रद्द झाला आणि रक्कम घेतलेली नाही. बँकेला ते जोडून तक्रार द्या, तक्रारीचा क्रमांक घ्या. नोंद 'झालेली' दिसत असेल तर त्याच कागदावर विवाद अर्ज भरा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं जाता येतं. मात्र लोकपाल अडकलेल्या पैशांची तक्रार ऐकतो. 'बँक मला क्रिप्टो घेऊ देत नाही' ही तक्रार तिथं चालत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो.

आणि व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल, कुणी फोनवर बोलत बोलत करवून घेतला असेल, तर ईमेल लिहीत बसू नका. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथं तासांना किंमत आहे.

दाजींसाठी आम्ही दुसऱ्याच दिवशी एक्स्चेंजचा ईमेल मिळवला आणि बँकेला पाठवला. बँकेनं कळवलं की विक्रेत्यानं रक्कम मागितलेली नाही, मुदत संपली की मोकळी होईल. नवव्या दिवशी सकाळी कार्डाची मर्यादा पूर्ववत झाली. बिलात रोख रकमेचं शुल्कही लागलं नाही, कारण व्यवहार पुरा झालाच नव्हता. भाच्यानं त्याच आठवड्यात परदेशी साइटवर साठवलेली दोन्ही कार्डं काढून टाकली आणि ॲपमधला परदेशी वापर पुन्हा बंद केला.